आउटडोअरची घूंघूं बेडरूमच्या भिंतीत उतरते : पॅड, ब्रॅकेटचे बोल्ट की पंख्याचं पातं?

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. पुणे, सातवा मजला. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, दोन वर्षं झाली. आउटडोअर बेडरूमच्याच बाहेरच्या भिंतीवर ब्रॅकेटवर बसवलाय. भिंत सहा इंची एएसी ब्लॉकची.

मागच्या उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. यंदा मार्चमध्ये एसी सुरू केल्यापासून रात्री खोली गार झाली की तासाभराने भिंतीतून आवाज यायला लागतो. मोठा नाही, पण घूंऽऽ… घूंऽऽ… असा लाटेसारखा, दोन-तीन सेकंदांनी एकदा चढतो आणि उतरतो. पलंगाची पाठ भिंतीला टेकलीय, तर उशीतसुद्धा जाणवतं. बाल्कनीत जाऊन ऐकून आले, तिथे आउटडोअर शांत वाटतो. दुपारी एसी जोरात चालतो तेव्हा तर भिंतीत काहीच नसतं.

सर्व्हिसवाल्याने चारी पायांखाली रबरी पॅड घातले आणि सगळे बोल्ट करकचून आवळले. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच, किंबहुना थोडं जास्तच. आता तो म्हणतोय पंख्याचं पातं बदला. बाहेरच्या पात्याचा आणि भिंतीतल्या आवाजाचा काही संबंध असतो का? की पॅडच जाड घ्यायला हवे होते?

घट्ट_मामला

पॅड जाड घ्या. बाजारात मिळतात त्यातले बहुतेक पाऊण इंची असतात, तुम्ही दीड इंची घ्या. आणि बोल्ट परत एकदा लांब दांड्याच्या पान्याने आवळून घ्या. जे सैल असतं तेच वाजतं, साधी गोष्ट आहे. पातं बदलायचं म्हणजे बिल वाढवायचे धंदे.

पाना_तेरा

मामला, अर्धं बरोबर बोललात. भिंतीतले बोल्ट घट्टच हवेत. पण पॅडवरचा बोल्ट करकचून आवळला की पॅड घातला न घातला सारखंच.

आउटडोअरचा पत्र्याचा पाय, खाली पॅड, त्याखाली ब्रॅकेट आणि तिन्हीतून आरपार एक बोल्ट. बोल्टचं डोकं पायावर दाबून बसलं आणि नट ब्रॅकेटखाली दाबून बसला, तर थरथर रबरातून जायची गरजच उरत नाही. ती बोल्टमधून लोखंडाकडून लोखंडाकडे थेट उतरते. म्हणून बोल्टच्या डोक्याखालीही रबरी वायसर लागतो, त्यावर मोठा लोखंडी वायसर, आणि पायाच्या भोकाच्या कडेला बोल्ट घासू नये म्हणून मध्ये रबरी बुश. नट किती आवळायचा? वरचा रबरी वायसर हाताने फिरवता येऊ नये, पण दाबून फुगलेलाही दिसू नये, तिथे थांबायचं. एवढ्या हलक्या हाताने आवळलेला साधा नट महिनाभरात सुटतो, म्हणून नायलॉक नट किंवा डबल नट.

ताई, चार गोष्टी सांगा. पॅड किती दबलेत? बोल्टच्या डोक्याखाली रबर आहे का? तांब्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे भोक सिमेंटने बुजवलंय का? आणि ब्रॅकेटचे भिंतीतले फास्टनर हलतात का? शेवटची तपासणी खिडकीतून वाकून करू नका. सातव्या मजल्यावर पट्टा बांधलेल्या माणसाचंच ते काम.

उन्हाची_तिरीप

आमच्याकडे पण रात्रीच टकटक यायची. एसीचं प्लास्टिक गार होताना आकसतं त्याचा तो आवाज, काही करावं लागत नाही. पुढची जाळी नीट खटक्यात बसवा, बंद होईल.

पाना_तेरा

तिरीप, ते आतल्या युनिटचं. इथे बाहेरचं युनिट भिंतीत गुणगुणतंय, टकटक नाही.

कंपनांक

लाटांसारखा आवाज येतो हे फार कामाचं वर्णन आहे. दोन आवाज जवळजवळ एकाच कंपनसंख्येचे असले की ते कधी जुळतात, कधी एकमेकांना मारतात, आणि कानाला चढउतार ऐकू येतो. अडीच सेकंदांनी लाट म्हणजे दोघांतला फरक साधारण ०.४ हर्ट्झ. म्हणजे गुन्हेगार बहुधा एक नसून दोन आहेत, आणि आउटडोअरमध्ये फिरणाऱ्या वस्तू दोनच असतात : पंखा आणि कॉम्प्रेसर.

अंदाज नको, मोजा. मोबाइलवर `phyphox` नावाचं फुकट ॲप आहे, त्यात `Acceleration Spectrum` उघडा. फोन पलंगामागच्या भिंतीला दुहेरी चिकटपट्टीने चिकटवा (हातात धरलात तर हाताचीच थरथर मोजली जाईल) आणि निदान दहा सेकंद चालू द्या. त्याहून कमी वेळ घेतला तर जवळजवळचे दोन सुळके एकच दिसतात. बऱ्याच फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदीच घेतो, तसा असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं धरू नका.

दोनदा मोजा. एकदा दुपारी एसी जोरात असताना, एकदा रात्री घूंघूं चालू असताना. जो सुळका जागचा हलत नाही तो बहुधा पंखा. जो भाराबरोबर सरकतो तो कॉम्प्रेसर.

रानमेवा

मी पण हे ॲप लावून बघितलं. माझ्याकडे आवाजाच्या आलेखात १०० हर्ट्झला एकच सुळका आहे, एसी मंद असो की जोरात, तिथेच. पॅड बदलू का?

कंपनांक

रानमेवा, एसीचा स्टॅबिलायझर कुठल्या भिंतीवर आहे? १०० हर्ट्झ म्हणजे आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या दुप्पट, ट्रान्सफॉर्मरचा ठरलेला गुंजारव. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग बदलत असताना जागचा हलत नसेल, तर तो आउटडोअरचा नाहीच.

रानमेवा

बेडरूमच्याच भिंतीवर, दोन खिळ्यांना लटकवलाय 🙂 काढून हातात धरला तर भिंत गप्प झाली. मुख्य धाग्याला वाट मोकळी करतो.

सातवा_मजला

मोजलं. रात्री घूंघूं चालू असताना दोन सुळके आहेत, १४.२ आणि २८. दुसरा जरा जाडसर आहे, मोठा करून बघितला तर २८.० आणि २८.४ असे दोन वेगळे दिसतात. दुपारी १४.२ तिथेच राहतो आणि २८.०चा गायब होतो.

सर्व्हिसवाल्याला परत बोलावलं होतं, त्याने व्हर्नियरने मोजून दिलं. पॅड मोकळा २० मिमी आहे. कॉम्प्रेसरच्या बाजूला दबून १९.५ झालाय, दुसऱ्या बाजूला १९.७. बोल्टच्या डोक्याखाली रबर नव्हतं, ते त्याने घातलं आणि नट हलके केले. पाइपच्या भोकात सिमेंट आहे. फास्टनर बघायला पट्टा घेऊन रविवारी येणार आहे. आउटडोअरचं वजन लेबलवर ३२ किलो आहे.

कंपनांक

उत्तम. आता चित्र बरंच स्वच्छ आहे.

१४.२ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ८५२ फेरे, हा पंखा. २८.० हा रात्री मंदावलेला कॉम्प्रेसर. आणि २८.४ हा पंख्याच्याच आकड्याची बरोबर दुप्पट. पंख्याचा थडका बसतो तिथे काहीतरी सैल असलं, तर एका फेऱ्यात एकाऐवजी दोन धक्के बसू शकतात, त्यातून ही दुप्पट येते. २८.४ वजा २८.० म्हणजे ०.४, म्हणजे अडीच सेकंदांची लाट. तुमच्या कानाने आधीच बरोबर मोजलं होतं.

आता पॅडचं गणित. कोणताही पॅड वजनाखाली जितका दबतो त्यावरून पॅडवर बसलेल्या युनिटची स्वतःची कंपनसंख्या निघते : १५.८ला, मिलिमीटरमध्ये जेवढा दबला त्याच्या वर्गमुळाने भागायचं. तुमचा अर्धा मिमी दबलाय, म्हणजे साधारण २२ हर्ट्झ. पॅड कंपन अडवतो ते या आकड्याच्या सुमारे १.४ पटीच्या वर, म्हणजे इथे ३१ हर्ट्झच्या वर. त्याच्या खाली तो अडवत तर नाहीच, उलट वाढवतो.

दुपारी कॉम्प्रेसर समजा ६० हर्ट्झवर आहे. पॅड त्यातला साधारण सहावा हिस्साच भिंतीत सोडतो, म्हणून दुपारी शांतता. रात्री तो २८वर येतो आणि तोच पॅड कंपन सुमारे पावणेदोन पट करून भिंतीला देतो. पंख्याच्या १४.२चंही जवळपास तेवढंच वाढतं. पॅड घातल्यावर त्रास थोडा जास्त झाला, तो भास नव्हता.

हे आकडे कागदावरचे आहेत. रबर हलत्या भाराखाली थोडं जास्त कडक वागतं आणि ब्रॅकेट स्वतःही स्प्रिंगसारखा लवतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल. दिशा मात्र हीच.

घट्ट_मामला

मग मी काय वेगळं सांगत होतो? जाड पॅड घ्या. जाड म्हणजे जास्त दबणार.

कंपनांक

जाड पण कडक घेतलात तर नाही दबणार. दीड इंची पॅड पुष्कळदा जड मशीनसाठी केलेला असतो. त्याच्यावर एका पायाचं आठ किलो ठेवलंत तर त्याला ते कळणारही नाही. जाडी बघू नका, तुमच्या वजनाखाली किती दबतो ते बघा. दीड-दोन मिमी दबायला हवा.

घट्ट_मामला

बरं. मग सरळ स्प्रिंगच लावल्या तर? दहा मिमी दबतील, प्रश्नच मिटला.

पाना_तेरा

गच्चीवर जमिनीवरच्या स्टँडला लावा, हरकत नाही. भिंतीच्या ब्रॅकेटवर नको. युनिट उभट आणि अरुंद असतं, पाय भिंतीला काटकोनात जेमतेम फूटभर अंतरावर. दहा मिमी दबणाऱ्या स्प्रिंगवर ते कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना आणि वाऱ्यात डुलतं. ते डुलणं सगळं तांब्याच्या पाइपवर येतं आणि फ्लेअर नटच्या मानेशी पाइप चिरतो. मग आवाज बंद होईल, कारण गॅसच उरणार नाही.

पॅड मऊ करायचा स्वस्त उपाय सांगतो. ५० बाय ५० मिमीचा खाचांचा पॅड मधोमध कापून ५० बाय २५ करा. तेवढंच वजन निम्म्या रबरावर आलं की पॅड साधारण दुप्पट दबतो. तेही कमी पडलं तर असे दोन तुकडे एकावर एक, मध्ये २ मिमी पत्र्याची चकती, खाचा एकमेकींना काटकोनात. दोनाच्या वर थर नको, बोल्ट लांब होतो आणि युनिट झुकतं. कॉम्प्रेसरची बाजू जड असते, तिथे पॅड जास्त दबणार. दोन्ही बाजू सारख्या दबाव्यात म्हणून हलक्या बाजूचा तुकडा आणखी थोडा अरुंद कापायचा. शेवटी युनिटवर पातळी नळी किंवा स्पिरिट लेव्हल ठेवून बघा.

थर्माकोल, चपलेचा सोल, जुना टायर हे घालू नका. थर्माकोल आठवड्यात चेपून बसतो. टायरमध्ये तार आणि कापडाचे थर असतात, त्यामुळे तो लाकडासारखा वागतो.

सातवा_मजला

म्हणजे निम्मे करून दोन थर केले तर अर्ध्याचे दोन मिमी. मग कंपनसंख्या ११ येते, बरोबर? तेवढ्याने दोन्ही सुळके जातील?

कंपनांक

गणित बरोबर. कॉम्प्रेसरचा २८ जाईल, पाचवा हिस्साच भिंतीत पोहोचेल.

पंख्याचा १४.२ जाणार नाही. ११ आणि १४ जवळजवळ आहेत, तिथे पॅड अजूनही वाढवतोच. भिंतीवर लावता येईल असा कुठलाही रबरी पॅड ८५० फेऱ्यांच्या पंख्याला अडवू शकत नाही. पंख्याचं कंपन तिथेच, पंख्यावरच मारावं लागतं. सर्व्हिसवाला पात्याबद्दल बोलला ते चूक नाही, बदलायला सांगायची घाई केली एवढंच.

पाना_तेरा

बदलायच्या आधी काढून बघा. आधी एमसीबी खाली करा आणि दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरच्या पाटीवरचे कपॅसिटर वीज धरून ठेवतात, लगेच हात घालायचा नाही. मग पुढची जाळी काढायची. पात्याच्या मधला नट बऱ्याच मॉडेलमध्ये उलट्या आट्यांचा असतो. हबवर बाण असेल तर तो बघा, नसेल तर जोर लावण्याआधी दोन्ही बाजूंना हलकेच करून बघा. उलट्या दिशेने जोर लावला की शाफ्टच्या आट्या जातात आणि मोटरच बदलावी लागते.

पातं काढण्याआधी दोन गोष्टी. एक, पात्याचं टोक धरून पुढेमागे हलवा. खटखट लागली तर हबचं भोक झिजलंय किंवा मोटरचं बेअरिंग गेलंय, मग समतोल साधून उपयोग नाही. दोन, जाळी निघालेल्या भोकाच्या कडेला पेन टेकवून पातं हाताने फिरवा आणि तिन्ही टोकं पेनासमोरून सारख्याच अंतराने जातात का बघा. एक टोक तीन-चार मिमी बाहेर असेल तर पातं उन्हाने वाकलंय, ते बदलाच.

समतोल मोटरवर ठेवून बघू नका. मोटरमध्ये चुंबक असतात, ते पात्याला आपल्याच ठराविक जागांवर अडवतात आणि जड बाजू कळत नाही. पातं काढून भोकात नीट बसेल अशी सरळ सळई घाला. सळईची दोन्ही टोकं सारख्या उंचीच्या दोन पट्ट्यांच्या धारेवर ठेवा आणि पातं हलकेच सोडा. दरवेळी तेच पातं खाली येऊन थांबलं तर ते जड. समोरच्या बाजूला चिकटपट्टीने छोटं वजन लावत जा. पातं कुठल्याही जागी सोडलं तरी थांबायला लागलं की झालं. एखाद्या पात्यावर आधीपासून धातूची छोटी क्लिप दिसेल, ती कारखान्यातच समतोलासाठी लावलेली असते. कचरा समजून काढू नका.

वजन लावण्याआधी धुवा मात्र. दहातल्या बऱ्याच वेळा तिथेच भागतं.

मांडवीकाठ

गोव्यातून एक पुरवणी. समुद्राजवळ असाल तर फास्टनर आणि पॅडचे बोल्ट स्टेनलेसचे, ३१६ दर्जाचे घ्या. साध्या झिंक मुलाम्याचा नट दोन पावसाळ्यांत गंजून ब्रॅकेटला धरतो. मग आवळायला गेलं की नटाबरोबर अख्खा फास्टनर भिंतीत फिरतो आणि वाटतं भिंतच खराब आहे.

सातवा_मजला

रविवारचा अहवाल.

पात्याच्या मागच्या बाजूला, हबजवळ, कुंभारीण माशीचं मातीचं घरटं! हिवाळ्यात एसी बंद असताना बांधलेलं असणार. अर्धं उडून गेलं होतं, उरलेलं खरवडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर ८ ग्रॅम. पातं धुऊन सळईवर ठेवलं, जवळजवळ कुठेही थांबतंय, वजन लावावं लागलं नाही. हबला खटखट नाही.

फास्टनर : कॉम्प्रेसरच्या बाजूच्या ब्रॅकेटचा वरचा फास्टनर सैल. नट आवळला तर फिरतच राहतो, घट्ट होत नाही, आणि भोकातून पांढरी पूड पडते. बाकीचे तीन ठीक.

पॅड निम्मे करून दोन थर घातले, १.८ मिमी दबलेत. सैल फास्टनरचं अजून काही केलेलं नाही. रात्री मोजलं : १४.२चा सुळका तिसऱ्या हिश्श्यावर आलाय, २८.४ दिसत नाही, लाट बंद. २८ अजून आहे, बारीक पण आहे. भिंतीला कान लावला तरच कळतं.

कंपनांक

८ ग्रॅम ऐकून हसू नका. हबपासून १० सेंमीवर बसलेले ८ ग्रॅम ८५० फेऱ्यांना साधारण ६५० ग्रॅम वजनाइतक्या जोराने पात्याला बाहेर ओढतात, आणि ती ओढ सेकंदाला १४ वेळा दिशा बदलत फिरते. एक सैल फास्टनर आणि अर्धा किलोची हातोडी, असं धरा. टोकाशी, २० सेंमीवर बसली असती तर जोर दुप्पट.

पाना_तेरा

वरचाच फास्टनर का सुटला तेही सांगतो. युनिट भिंतीपासून पुढे असतं, म्हणून ब्रॅकेट खालच्या बाजूने भिंतीत दाबला जातो आणि वरच्या बाजूने उपटला जातो. तुमचं ३२ किलो भिंतीपासून २५ सेंमीवर आणि वरच्या-खालच्या फास्टनरमध्ये ३० सेंमी धरलं, तर वरच्या दोघांवर मिळून साधारण २७ किलोची ओढ येते, त्यातली जास्त कॉम्प्रेसरच्या बाजूला. एवढी ओढ काही फार नाही, काँक्रीटला जाणवतही नाही. पण एएसी ब्लॉक आत पोकळ बुडबुड्यांचा असतो. ठोकून फुगणारा फास्टनर भोकाच्या कडा चिरडून पूड करतो आणि थरथरीने ते भोक मोठंच होत जातं. तुमच्याकडे पहिल्यांदा ‘करकचून’ आवळलं तेव्हाच बहुधा उरलीसुरली पकड गेली. दोन दिवस बरं वाटून परत सुरू झालं ते त्यामुळे.

त्याच भोकात जास्त जाड फास्टनर ठोकू नका. एएसीला दोनच मार्ग आहेत. एक, भोक आतून रुंद, बाहेरून अरुंद असं करून, पूड फुंकून काढून रासायनिक गोंदाचा अँकर. पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत युनिट त्यावर टेकवायचं नाही. दोन, १० मिमीची आट्यांची सळई आरपार घालून आतल्या बाजूला १०० बाय १०० बाय ६ मिमीची पट्टी. मी आरपारच करीन, ते सुटत नाही.

कंपनांक

इथे माझं मत वेगळं आहे. आरपार सळई म्हणजे बाहेरच्या लोखंडाला थेट बेडरूममध्ये आणणं, वर आतल्या बाजूला पत्र्याची तबकडी. मजबुतीला उत्तम, आवाजाला नाही. शिवाय सहा इंची एएसी भिंत हलकी असते आणि हलकी भिंत सहज गुणगुणते. खरा उपाय म्हणजे दोन खांबांच्या मध्ये किंवा बीमवर लोखंडी चॅनेल टाकून ब्रॅकेट त्यावर. काँक्रीट जड असतं, त्याला हलवायला तेवढाच जोर कमी पडतो.

पाना_तेरा

चॅनेल टाकायला सोसायटीची परवानगी, बाहेरून दोरावरचं काम, आणि पाइप लांबला तर गॅस परत भरा. तोवर एक फास्टनर हवेत. आतल्या पट्टीमागे ५ मिमी रबर घाला आणि वर प्लास्टर करा, चालतं.

कंपनांक

चालतं, पण किती चालतं ते भिंतीवर अवलंबून. मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

सातवा_मजला

तुमचं दोघांचं मिटेपर्यंत मी रासायनिक अँकर लावून घेतेय, परवानगीचा अर्ज दिलाय. पाइपच्या सिमेंटचं काय करू? उरलेला २८ त्यातून येत असेल का?

पाना_तेरा

दाट शक्यता आहे. पाइप कॉम्प्रेसरलाच जोडलेला आहे, तो पॅडला वळसा घालून थेट भिंतीत जातो. एसी चालू असताना घरातून, भोकाजवळ, पाइपचं वेष्टण बोटांनी घट्ट धरा. आवाज बदलला तर तोच रस्ता. सिमेंट छिन्नीने हळूहळू पोखरून काढा, पाइपला एक टवकासुद्धा लागता कामा नये. मग भोवती फोमची नळी आणि बाहेरून एसीच्या भोकाला लावतात ती मऊ पुट्टी, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भिंतीवरची पहिली क्लिप आउटडोअरपासून जितकी लांब जाईल तितकी न्या, मध्ये पाइपला एक सैल वळण राहू द्या.

आणि अँकर झाल्यावर चारही नटांवर, नट-वायसर-ब्रॅकेट असं सलग एक रेघ ऑइलपेंटने ओढून घ्या. पंधरा दिवसांनी खिडकीतून फोटो काढला की रेघ तुटली की नाही कळतं, पाना लावायची गरज नाही.

सातवा_मजला

पाइप धरून बघितला. २८ साधारण निम्मा होतोय. छिन्नी शोधते.

घट्ट_मामला

मी पण माझे पॅड मोजले. दीड इंची आहेत, ०.२ मिमी दबलेत. काही बोलू नका कोणी. कापायचेत, तर युनिट उचलावं लागेल ना?

पाना_तेरा

एका वेळी एकच पाय, आणि तोही दोन सेंमीच. पाइप ओढला जाणार नाही याकडे लक्ष द्या. लाकडाचा ठोकळा पायाच्या बाजूला सरकवून वजन त्यावर टेकवा, मगच पॅड काढा. नट आधी पूर्ण काढू नका, नुसता सैल ठेवा.